दीडशे एएच म्हणजे किती तास? इन्व्हर्टरची बॅटरी घेण्याआधी तिचं वर्णन असं वाचा

दापोली तालुक्यातल्या माझ्या आत्याच्या घरी पावसाळ्यात वीज गेली की कधी येईल याचा नेम नसतो. कुठेतरी फांदी तारांवर पडते, वायरमन पावसात खांबावर चढतो आणि दोन-तीन तासांनी दिवे लागतात. गेल्या मे महिन्यात तिची जुनी बॅटरी बसली. नवी ऑनलाइन मागवायची म्हणून तिने मला फोनवर एक वर्णन वाचून दाखवलं आणि विचारलं, "यात साडेचार तास लिहिलंय. म्हणजे साडेचार तास चालेल ना रे?"

चालणार नव्हतं. मात्र वर्णनात खोटंही काही नव्हतं. बॅटरीच्या वर्णनातला प्रत्येक आकडा काही अटींवर खरा असतो आणि त्या अटी तिथेच बारीक अक्षरात किंवा एखाद्या चिन्हात दडलेल्या असतात. पहिल्यांदाच बॅटरी घेणाऱ्याला त्या दिसत नाहीत. आत्यासोबत फोनवर जे एकेक करून केलं, तेच इथे क्रमाने देतो. तुमच्यासमोरचं वर्णन थोड्याफार फरकाने असंच असेल:

```
Capacity: 150Ah @ C20
Type: Tall Tubular
Backup: Up to 4.5 Hrs @ 400W
Warranty: 60 Months (36 + 24*)
Filled Weight: 55 kg
```

पायरी १: आधी घरातला लोड कागदावर लिहा

बॅटरीकडे वळण्याआधी एक कागद घ्या. वीज गेल्यावर काय काय चालू राहायला हवं तेवढंच त्यावर लिहा. घरात काय काय आहे याची यादी इथे कामाची नाही.

आत्याची यादी अशी झाली. छताचे जुने पंखे तीन, प्रत्येकी ७५ वॉट, म्हणजे २२५. एलईडी ट्यूब चार, प्रत्येकी २० वॉट, म्हणजे ८०. स्वयंपाकघर आणि पडवीतले ९ वॉटचे दोन बल्ब, १८. बत्तीस इंची टीव्ही, ५०. वायफायचा डबा, १२. दोन मोबाइल चार्जिंगला, १५. एकूण ४००.

वॉटचा आकडा बहुतेक वस्तूंवर लिहिलेला असतो. पंख्यावर तो मोटारीच्या वरच्या बाजूला असतो, टीव्हीवर पाठीमागच्या स्टिकरवर. सापडला नाही तर जुना छताचा पंखा ७५ धरा आणि नवा बीएलडीसी पंखा ३० ते ३५.

मिक्सर, इस्त्री, गीझर, पाण्याचा पंप आणि मायक्रोवेव्ह या यादीत धरू नका. घरगुती इन्व्हर्टरवर ते चालवायचे नसतात. फ्रिजचाही मोह टाळा. चालू असताना तो शंभर-दीडशे वॉटच खातो, पण त्याचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट जोर मागतो आणि तिथे लहान इन्व्हर्टर ट्रिप होतो. दार उघडलं नाही तर दोन-तीन तास फ्रिज तसाही थंड राहतो.

आता दुसरी यादी, रात्रीची. झोपताना दोन पंखे, वायफाय आणि एक बारका दिवा, मिळून साधारण १७० वॉट. ही वेगळी लिहायची, कारण ४०० आणि १७० यांच्यात बॅटरी किती वेगळी वागते ते पुढे दिसेल.

इथेच एक गैरसमज दूर करून घ्या. इन्व्हर्टरवर लिहिलेला व्हीए हा आकडा एका वेळी किती वस्तू चालतील ते सांगतो. बॅटरीवरचा एएच हा आकडा त्या किती वेळ चालतील ते सांगतो. बॅकअप कमी पडतो म्हणून मोठा इन्व्हर्टर आणला तर तास वाढत नाहीत.

पायरी २: एएचवरून युनिट काढा

एएच म्हणजे अँपिअर-अवर. १२ व्होल्टची १५० एएचची बॅटरी म्हणजे १२ गुणिले १५०, अर्थात १८०० वॉट-तास. विजेच्या बिलावरचं एक युनिट म्हणजे १००० वॉट-तास. म्हणजे कागदावर या बॅटरीत १.८ युनिट वीज आहे. १८०० भागिले ४०० केलं की साडेचार येतात. आत्याने वाचलेले साडेचार तास असेच आले होते.

प्रत्यक्ष घरात हे १.८ युनिट दोन ठिकाणी कमी होतात.

पहिली घट इन्व्हर्टरमध्ये. बॅटरीतली वीज डीसी आणि घरातली एसी. एकीची दुसरी करताना इन्व्हर्टर तापतो, त्याचा पंखा फिरतो, ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो. हे सगळं बॅटरीतूनच जातं. शंभरातले वीस तिथे गेले असं धरा.

दुसरी घट जास्त महत्त्वाची आहे आणि ती `@ C20` या चिन्हात आहे. याचा अर्थ ही बॅटरी वीस तासांत हळूहळू रिकामी केली तरच १५० एएच देते. वीस तासांत १५० म्हणजे ताशी साडेसात अँपिअर. आपण चारशे वॉटचा लोड लावतो तेव्हा बॅटरीतून चाळीसच्या आसपास अँपिअर खेचतो. शिशाच्या बॅटरीतून वीज जितकी घाईने काढावी तितकी एकूण कमी मिळते. प्लेटच्या आतपर्यंत अॅसिड झिरपायला वेळ लागतो. जोरात खेचलं की प्लेटचा वरवरचा भागच वापरला जातो, व्होल्टेज पडतं आणि आतला माल तसाच असताना इन्व्हर्टर "बॅटरी लो" म्हणून शिटी वाजवतो. घरगुती लोडवर आणखी तीसेक टक्के असे कमी धरावे लागतात.

दोन्ही घटी वजा केल्या तर १८०० वॉट-तासांचे जेमतेम हजार उरतात. म्हणून मी एकच गोष्ट पाठ करायला सांगतो: १५० एएचची नवी बॅटरी म्हणजे साधारण एक युनिट वीज. २०० एएच म्हणजे एक आणि एक तृतीयांश युनिट, १०० एएच म्हणजे पाऊण युनिटाहून थोडं कमी. दुकानात उभं राहून एवढा हिशोब तोंडी जमतो.

सोलरसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या बॅटरीवर बऱ्याचदा `C10` लिहिलेलं असतं. म्हणजे १५० एएच दहा तासांत मिळतात. दोन बॅटऱ्यांवर १५० लिहिलेलं असून एक C10 ची आणि दुसरी C20 ची असेल, तर C10 ची खरोखर मोठी आहे, किंमत जास्त असली तरी. आणि वर्णनात C चा आकडाच नसेल तर ती C20 धरून चाला.

मॉडेलच्या नावात मोठा आकडा असतो, तोही क्षमता समजू नका. एएच कुठे लिहिलंय तेच बघा.

पायरी ३: आपल्या घराचे तास काढा

आत्याचा पूर्ण लोड ४०० वॉट. हजार भागिले चारशे, अडीच तास. हा लोड जड असल्यामुळे प्रत्यक्षात सव्वादोन ते अडीच. वर्णनातल्या साडेचारच्या जवळपास अर्धे.

रात्रीचा लोड १७०. हजार भागिले १७०, पावणेसहा-सहा तास. इथे बॅटरीतून वीज सावकाश निघते म्हणून ती थोडी जास्तही देते. साडेसहा तासांपर्यंत जायला हरकत नाही. म्हणजे रात्री अकराला वीज गेली तर पहाटे पाचपर्यंत पंखे फिरतील.

हे ऐकून आत्या म्हणाली, "मग दोनशेची घेऊ का?" तिच्या यादीत चारशेपैकी सव्वादोनशे वॉट नुसते पंखेच खात होते. तीन जुने पंखे काढून ३० वॉटचे बीएलडीसी लावले तर पूर्ण लोड ४०० वरून २६५ वर येतो आणि त्याच बॅटरीवर अडीचऐवजी पावणेचार तास मिळतात. रात्रीचा लोड तर ऐंशीवर येतो. तिथे भागाकार साडेबारा तास दाखवेल, पण इतक्या कमी लोडवर इन्व्हर्टरचा स्वतःचा खाऊ डोईजड होतो, म्हणून दहा-बारा तास धरा. असा एक पंखा साधारण अडीच-तीन हजारांना मिळतो. मोठ्या बॅटरीसाठी जादा पैसे मोजण्याआधी हा हिशोब करून बघा. मोठी बॅटरी काही वर्षांनी संपते, पंखा मात्र रोजचं बिलही कमी करतो. आत्याने त्या वेळी दोन पंखे बदलले, तिसरा ओटीवरचा जुनाच ठेवला. लोड आला ३१०.

आता दोन सावधगिऱ्या. हे तास नव्या बॅटरीचे आहेत. तिसऱ्या-चौथ्या वर्षी त्यातले सत्तर टक्के उरले तरी बॅटरी चांगली म्हणायची. आणि तुमच्याकडे रोज तासन्‌तास वीज जात असेल तर बॅटरी रोज शिटी वाजेपर्यंत वापरू नका. रोज तळाला जाणारी बॅटरी लवकर म्हातारी होते. अशा घराने एक युनिटाऐवजी सहाशे-सातशे वॉट-तास धरून हिशोब करावा आणि मग १५० की २०० ते ठरवावं. महिन्यातून दोन-चारदाच वीज जाणाऱ्या घराला याची काळजी नाही.

आणि वीज परत आल्यावर बॅटरी लगेच भरत नाही. पूर्ण उतरलेली १५० एएचची बॅटरी १५ अँपिअरच्या चार्जरवर दहा-बारा तास घेते, बारीक चार्जरवर त्याहूनही जास्त. इन्व्हर्टरच्या वर्णनात चार्जिंगचा अँपिअर बघा. एएचच्या साधारण एक दशांश असावा. सकाळी तीन तास आणि संध्याकाळी तीन तास वीज जात असेल, तर संध्याकाळच्या वेळी बॅटरी अर्धवटच भरलेली असणार. इन्व्हर्टरच्या मागे बॅटरीचा प्रकार निवडायचा बारका खटका असतो, तो ट्युब्युलरवर आहे ना तेही लावणाऱ्याला विचारा. चुकीच्या खटक्यावर बॅटरी कायम थोडी उपाशी राहते किंवा उकळत राहते.

पायरी ४: प्रकार आणि वजन

घरासाठी, जिथे वीज वारंवार जाते, तिथे `Tall Tubular` घ्या. तिच्या पॉझिटिव्ह प्लेट नळ्यांच्या आत बंदिस्त असतात, त्यामुळे त्यातला माल झडून तळाशी साठत नाही. ती उंच असल्याने अॅसिडही जास्त मावतं आणि पाणी कमी वेळा घालावं लागतं. सपाट प्लेटवाली स्वस्त असते, पण क्वचितच वीज जाणाऱ्या घरालाच ती परवडते.

लिथियमची बॅटरी पाण्याशिवाय चालते आणि तिच्यातून जवळजवळ सगळी वीज काढता येते. म्हणून १०० एएचची लिथियम ही १५० एएचच्या शिशाच्या बॅटरीएवढंच, एक युनिटच्या आसपास देते. किंमत बरीच जास्त असते आणि इन्व्हर्टर तिला चालणारा हवा. जुन्या इन्व्हर्टरला विचारल्याशिवाय ती जोडू नका.

वर्णनातला वजनाचा आकडा बहुतेक जण वाचतच नाहीत. मी तो आवर्जून वाचतो. बॅटरीत पैसा शिशाचा असतो आणि शिसं जड असतं. १५० एएचची टॉल ट्युब्युलर अॅसिडसकट साधारण पन्नास ते साठ किलो भरते. कोणी दीडशे म्हणून चाळीस किलोच्या आतली टॉल ट्युब्युलर स्वस्तात देत असेल, तर ते दीडशे नाहीत. एक मात्र बघा, वर्णनात कोरडं वजन दिलंय की भरलेलं. दोन्हींची गल्लत केली तर चांगल्या बॅटरीवर उगाच संशय येईल.

पायरी ५: वॉरंटीतला अधिक

`60 Months (36 + 24*)` यात साठ नव्हे तर छत्तीस हा आकडा तुमचा आहे. पहिल्या ३६ महिन्यांत बॅटरी बिघडली आणि तपासणीत दोष निघाला तर बदलून मिळते. पुढचे २४ महिने "प्रो-राटा", म्हणजे नव्या बॅटरीच्या किमतीत काही टक्के सूट, आणि महिने सरतील तशी ती सूट कमी होत जाते.

ही सूट बहुतेक ठिकाणी छापील किमतीवर मिळते आणि तिथेच फसगत होते. समजा बॅटरीची छापील किंमत २२,००० आहे आणि बाजारात ती १५,५०० ला मिळते. चौथ्या वर्षी बॅटरी गेली आणि २५ टक्के सूट लागू झाली. २२,००० मधून ५,५०० गेले, तुम्हाला भरायचे १६,५००. म्हणजे वॉरंटीतली बॅटरी बाजारातल्या नव्या बॅटरीपेक्षा हजाराने महाग. शिवाय नव्या बॅटरीला पूर्ण नवी वॉरंटी मिळते. म्हणून दोन बॅटऱ्यांची तुलना करताना अधिकच्या आधीचा आकडाच धरा. ४८ अधिक ० ही वॉरंटी ३६ अधिक २४ पेक्षा चांगली.

बदलून मिळालेल्या बॅटरीला साधारणपणे जुन्या बॅटरीची उरलेलीच वॉरंटी लागू होते, हेही लक्षात असू द्या.

माझ्या पहिल्या बॅटरीचा एक सेल विसाव्या महिन्यात गेला. वॉरंटी शाबूत, कार्ड जपून ठेवलेलं, दुकानाचा शिक्का, तारीख, सगळं होतं. पण बॅटरी पोचवायला आलेल्या मुलाने कार्डावर सिरियल नंबर लिहिताना एका आकड्याची चूक केली होती आणि मी तो त्या दिवशी पडताळून पाहिला नव्हता. बॅटरीवरचा नंबर वेगळा, कार्डावरचा वेगळा, म्हणून दावा नाकारला गेला. तीन हेलपाटे घातले, शेवटी पदरचे पैसे घालून दुसरी आणली. तेव्हापासून बॅटरी दारात उतरली की मी तिच्यावर कोरलेला नंबर आणि कार्ड एकाच फोटोत घेतो, बिलावरही तोच नंबर लिहून घेतो, आणि ऑनलाइन नोंदणी असेल तर त्याच संध्याकाळी करून टाकतो.

काही कारणांनी वॉरंटी हातची जाते: पाण्याऐवजी अॅसिड घातलेलं, पाणी इतकं आटलेलं की प्लेट उघड्या पडल्या, डबा तडकलेला, टर्मिनल वितळलेलं. यातलं पाण्याचं आपल्याच हातात आहे.

बनवल्याची तारीखही तपासा. बॅटरी नुसती पडून राहिली तरी आपोआप उतरत जाते आणि उतरलेल्या अवस्थेत राहिली की प्लेटवर सल्फेटचा कडक थर धरतो. दोन-तीन महिन्यांहून जुनी बॅटरी घेऊ नका. तारीख कोडमध्ये असते, दुकानदाराकडून वाचून घ्या. ऑनलाइन मागवली असेल तर आलेल्या माणसासमोरच मल्टिमीटर लावा. साडेबारा व्होल्टच्या आसपास हवेत. बाराच्या खाली असेल किंवा झाकणाभोवती अॅसिडचा ओलावा दिसला तर परत पाठवा.

पायरी ६: बॅटरी कुठे ठेवायची

चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. तो पेट घेणारा वायू आहे. म्हणून बंद कपाटात, झोपायच्या खोलीत आणि देवघराजवळ बॅटरी नको. जिन्याखालच्या रिकाम्या जागेत इन्व्हर्टर आणि त्याच्या शेजारच्या कोनाड्यात देव, अशी मांडणी मी अनेक घरांत पाहिली आहे. तिथे समई तेवत असते आणि दोन हातांवर बॅटरी चार्ज होत असते. दोहोंपैकी एक हलवाच. वारा खेळणारी, ऊन न येणारी जागा हवी.

पत्र्याखालचा माळाही नको. उष्णतेने बॅटरीचं आयुष्य झपाट्याने घटतं. सतत दहा अंश जास्त तापमानात राहिली तर ते निम्म्यावर येतं, असा बॅटरीवाल्यांचा ठोकताळा आहे. विदर्भातल्या उन्हाळ्यात घरातली सर्वांत थंड, हवेशीर जागा तिला द्या.

पायरी ७: पाणी

ट्युब्युलर बॅटरीला सहा सेल, प्रत्येकावर एक झाकण, आणि झाकणातून वर आलेली तरंगती दांडी. दांडीवर वर-खाली दोन खुणा असतात. आतलं पाणी आटलं की दांडी खाली जाते. दर दोन महिन्यांनी, उन्हाळ्यात दर महिन्याला, सहाही दांड्या बघा. खालच्या खुणेपर्यंत येण्याआधी पाणी घाला.

घालताना असं करा. इन्व्हर्टर बंद करा आणि त्याचा प्लगही काढा. हातातल्या बांगड्या, अंगठी, घड्याळ उतरवून ठेवा. धातूची बांगडी दोन्ही टर्मिनलना एकदम टेकली तर क्षणात लाल होते. बॅटरीचा वरचा भाग आधी फडक्याने पुसून घ्या, नाहीतर झाकण काढताच धूळ आत जाते. मग प्लास्टिकच्या नरसाळ्याने डिस्टिल्ड वॉटर थोडं थोडं घाला, दांडी वरच्या खुणेला आली की थांबा. काठोकाठ भरलं तर चार्जिंगच्या वेळी अॅसिड बाहेर उतू येतं, टर्मिनल खातं आणि लादीवर डाग पाडतं. बॅटरी पूर्ण चार्ज झालेली असताना भरणं उत्तम, कारण चार्ज झाल्यावर आतली पातळी थोडी वर आलेली असते.

डिस्टिल्ड वॉटरच का, तर बोअरच्या आणि नळाच्या पाण्यातले क्षार आणि लोह प्लेटवर बसतात. आरओच्या पाण्यातही क्षार उरलेले असतातच. एसीतून गळणारं पाणी स्वच्छ दिसतं, पण ते धुळीने भरलेल्या धातूच्या जाळीवरून आलेलं असतं. पाच लिटरचा कॅन स्वस्त आहे; बॅटरीशेजारीच ठेवा. अॅसिड कधीच घालायचं नाही. आटतं ते फक्त पाणी, अॅसिड आतच असतं.

पाणी किती वेगाने आटतं यावरून बरंच कळतं. सहाही सेल दर दोन-तीन आठवड्यांनी पाणी मागत असतील तर बॅटरीचा दोष नसून चार्जर जास्त व्होल्टेज देतोय. मेकॅनिककडून ते मोजून घ्या. पाच सेल ठीक आणि एकच सारखा सुकतोय, तर त्या सेलकडे संशयाने बघा. सेलचा निकाल हायड्रोमीटर लावतो. पाणी घालण्याआधी, पूर्ण चार्ज झालेल्या बॅटरीत प्रत्येक सेलची ग्रॅव्हिटी, म्हणजे आतल्या अॅसिडची घनता, घ्या. मेकॅनिक तिला "बाराशे चाळीस" म्हणतात, म्हणजे १.२४०. सगळे सेल त्याच्या आसपास असतील तर बॅटरी निरोगी. पाच सेल १२४० आणि एक ११५० वर अडकला असेल तर तो सेल गेला. अशी बॅटरी चार्ज होऊनही साडेदहा-अकरा व्होल्टच दाखवते आणि दिवे दहा मिनिटांत जातात.

टर्मिनलवर पांढरं-हिरवट फूल धरलं तर गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या ब्रशने घासा, कोरडं करा, नट घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलीनचा पातळ हात फिरवा. ढिला नट तापतो आणि टर्मिनल वितळवतो.

कोकणातल्या बंद घरांसाठी एवढं वेगळं सांगायला हवं. गणपती उरकून चाकरमानी मुंबईला परततो आणि घर थेट शिमग्याला उघडतं. इन्व्हर्टर चालू ठेवून गेलात तर पाणी आटत राहतं आणि बघायला कोणी नसतं. बंद करून गेलात तर बॅटरी आपोआप उतरत जाते. निघताना पूर्ण चार्ज करा, पाणी वरच्या खुणेपर्यंत भरा, इन्व्हर्टर बंद करून बॅटरीची एक वायर सोडवा, आणि दिवाळीनंतर एकदा व पुढे दोन महिन्यांनी एकदा ती जोडून दिवसभर चार्ज करायला शेजाऱ्याला सांगून ठेवा.

पायरी ८: स्वतःची चाचणी घ्या

बॅटरी लावल्यावर दोन-तीन वेळा उतरून भरू द्या. नवी बॅटरी पूर्ण ताकदीला यायला एवढा वेळ घेते. मग सुट्टीच्या दिवशी, बॅटरी पूर्ण भरलेली असताना, मेन स्विच बंद करा. यादीतल्या सगळ्या वस्तू लावा आणि शिटी वाजेपर्यंतचा वेळ मोजा. वर्षातून दोनदा बॅटरीला एवढं सहज सोसतं.

वेळ भिंतीवरच लिहा. दर सहा महिन्यांनी त्याच वस्तू लावून पुन्हा मोजा. हळूहळू कमी होणं साहजिक आहे. पण पहिल्या वेळेच्या निम्म्यावर आलं आणि वॉरंटीचे पहिले महिने अजून उरले असतील, तर त्याच आठवड्यात तक्रार नोंदवा. कोणी "बॅकअप कमी वाटतो" एवढंच सांगितलं तर समोरचा टोलवतो. दोन तारखा आणि दोन वेळा सांगितल्या की ग्रॅव्हिटी तपासायला माणूस येतो.

आत्याच्या इन्व्हर्टरच्या वर, भिंतीवर पेन्सिलने दोन ओळी आहेत. जून, ३१० वॉट, तीन तास दहा मिनिटं. डिसेंबर, ३१० वॉट, तीन तास पाच मिनिटं. छत्तिसावा महिना कधी संपतो ती तारीख तिने त्याखाली लाल पेनने लिहून ठेवली आहे.